मदत हवी आहे: १९३१ च्या जनगणनेत पणजोबांच्या नावापुढे ‘ठाकर’ लिहिलेलं पान कुठे मिळेल? (तातडीचं)

कुडाळकरीण
मंडळी, भाचीच्या जात पडताळणीत त्रुटी काढली आहे. जुना पुरावा आणा म्हणतात. १९३१ ला जातवार जनगणना झाली होती, म्हणजे आमच्या पणजोबांचं नाव आणि पुढे ठाकर असं त्यात असणारच. ते पान कुठे मिळतं, फी किती, एवढंच सांगा. प्रवेशाची मुदत जवळ आली आहे.

रानवाट
सोपं आहे. १९३१ ची सगळी जनगणना दिल्लीत जपून ठेवलेली आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे पाहिले आहेत.

दप्तरखाना
रानवाट, तुम्ही पाहिलात तो छापील अहवाल. त्यात जिल्हा, जात आणि माणसांची संख्या असते, माणसाचं नाव नसतं. ताई, असं पान कुठेच मिळणार नाही. गणनेच्या रात्री प्रगणकानं भरलेल्या तक्त्यांवरून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी उतरवत. त्या चिठ्ठ्या जातीप्रमाणे खणांत टाकून मोजायच्या, आकडा तक्त्यात चढवायचा, की चिठ्ठ्यांचं काम संपलं. पुढे त्या रद्दीत गेल्या. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गणनेतली वैयक्तिक नोंद बघायलाही मिळत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणून या वाटेला मुदत घालवू नका.

आता मला सांगा: भाची म्हणजे बहिणीची मुलगी की भावाची? गाव कुठलं? आणि त्रुटीपत्रात नेमकं वाक्य काय आहे?

मळ्यातला
ताई, आमचं तर दोन महिन्यांत झालं. शिंदे समितीनं शोधलेल्या कुणबी नोंदींत खापरपणजोबा सापडले. तुम्ही पण तहसीलला विचारा. १९६७ पूर्वीचं काहीही चालतं.

दप्तरखाना
दादा, त्या कुणबी नोंदी झाल्या, म्हणजे इतर मागासवर्गाच्या. तिथे १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख बघतात. ताईंचा दावा अनुसूचित जमातीचा आहे, तिथे ६ सप्टेंबर १९५०. दोन्ही एकत्र केलंत तर त्या चुकीचा कागद घेऊन जातील.

कुडाळकरीण
भावाची मुलगी, आमच्याच घराण्यातली. गाव कुडाळ तालुक्यात, पिंगुळीच्या जवळ. जनगणनेत नाव नाही हे कळलं असतं तर आधीच दुसरं काही शोधलं असतं. त्रुटीपत्रात असं आहे: ‘शाळेच्या नोंदीत हिंदू ठाकर असे नमूद आहे. तथापि अर्जदाराच्या कुटुंबाने सांगितलेल्या चालीरीती ठाकर जमातीशी जुळत नाहीत.’ म्हणजे शाळेचा उतारा दिला आहे. आजोबांचा, १९३८ चा.

दप्तरखाना
अहो, हे आधी सांगायला हवं होतं! १९३८ चा उतारा आहे म्हणजे पुराव्याची अडचण नाही. अडचण ‘जुळत नाहीत’ या दोन शब्दांची आहे.

ते कशाशी जुळवतात हे समजून घ्या. दक्षता पथकाचा माणूस घरी येतो, कुलदैवत विचारतो, लग्नाचे विधी, मयताचे विधी, नाच, बोली विचारतो. मग उत्तरं एका वर्णनाशी ताडून बघतो. ते वर्णन मुळात एन्थोवेनच्या जाती-जमातींच्या ग्रंथातलं, १९२० च्या सुमाराला छापलेलं. हाच एन्थोवेन १९०१ ला मुंबई इलाख्याच्या जनगणनेचा प्रमुख होता. त्यानं लिहिलेले ठाकर मुख्यतः सह्याद्रीलगतचे, ठाणे, कुलाबा, नाशिककडचे, क-ठाकर आणि म-ठाकर. तुमच्याकडे कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी. त्या वर्णनात तुमचं घर बसत नाही.

१९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीनं याच्यावर आणखी कुंपण घातलं. ठाकर जमात म्हणून मान्य, पण कुलाबा, ठाणे, नाशिक, पुणे, अहमदनगरमधल्या ठरावीक तालुक्यांतच. रत्नागिरी जिल्हा त्यात नव्हता आणि तेव्हा कुडाळ रत्नागिरीतच होतं. ही तालुक्यांची अट १९७६ च्या कायद्यानं काढली. आज यादीत नुसतं ‘ठाकर’ हेही नाव आहे, म्हणून ‘हिंदू ठाकर’ या नोंदीत काहीच खोट नाही.

रानवाट
म्हणजे इंग्रजांनी जाती तयार केल्या आणि आपण भोगतोय. जनगणनेआधी कोकणात कुणी स्वतःला ठाकर म्हणत होतं का?

सुरंगी
म्हणत होतं. मी त्याच समाजातली आहे. सावंतवाडीच्या दरबारात आमच्या लोकांना मान होता असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ते काय जनगणना वाचून? जात आधीपासून होती, सोसावीही लागत होती. पण तेव्हा डोंगरातल्या ठाकरासारखे तुम्ही दिसता का, हे कुणी विचारत नव्हतं. आता आमच्याकडची काही पोरं पथक यायच्या आधी कर्जतकडची गाणी पाठ करतात. आपल्या आज्याची गाणी येत असताना दुसऱ्यांची पाठ करायची. मला याचा संताप येतो.

रानवाट
मग ‘तयार केल्या’ऐवजी ‘पक्क्या केल्या’ म्हणतो. जनगणनेतला अॅनिमिस्ट, म्हणजे निसर्गपूजक, हा धर्म तरी त्यांचाच ना? कातकऱ्याला एका गावात हिंदू लिहायचं नि दुसऱ्या गावात अॅनिमिस्ट.

दप्तरखाना
ते बरोबर आहे. १९२१ च्या जनगणनेचे इलाख्यातले अधीक्षक सेजविक यांनीच अहवालात म्हटलं की धर्म म्हणून हा रकाना सोडून द्यावा. पण त्यावर वेगळा धागा काढा, ताईंची मुदत चालू आहे.

वेसावकर
आमच्या सोनकोळ्यांचं काय? दाखल्यावर नुसतं ‘कोळी’ आहे. महादेव कोळी जमातीत, आम्ही नाही. समुद्रावर जाणारा कोळी काय कमी कोळी आहे?

सुरंगी
भाऊ, महादेव कोळी डोंगरातले, त्यांची जमात वेगळी. नाव सारखं म्हणून जमात एक होत नाही.

वेसावकर
हेच तर पडताळणी समितीनं ताईंना सांगितलं ना, नाव सारखं पण जमात एक नाही?

दप्तरखाना
वेसावकर, तुमचा प्रश्न खरा अवघड आहे आणि मला त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. यादीत ‘ठाकर’ हे नाव स्वतंत्र आहे, नुसतं ‘कोळी’ नाही, कायद्याच्या दृष्टीनं फरक तिथे पडतो. यादी अशीच का झाली, हा वाद कोर्ट मिटवत नाही. यादीत आहे तेच ते वाचतं.

ताई, तुम्ही असं करा. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या, नुसता उतारा नको. आजोबांच्या भावंडांच्या नोंदी शोधा. गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद मागा. ती मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागेल. १९३८ ला कुडाळ सावंतवाडी संस्थानात होतं, म्हणून संस्थानी दप्तर कुठे ठेवलंय ते वेगळं विचारा. मग भाचीपासून आजोबांपर्यंत वंशावळीचं शपथपत्र. उत्तरात मार्च २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीचा. त्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं आहे की चालीरीतींचं साम्य ही अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतरानं, शिक्षणानं चाली बदलतात.

कुडाळकरीण
आणि पथक पुन्हा घरी आलं तर? भावाची सासू म्हणते, डोंगरातल्या ठाकरांसारखं काहीतरी सांगा.

सुरंगी
नको. बाहुल्या दाखवा. चित्रकथीच्या पोथ्या घरात असतील तर त्याही काढा आणि कोणाकडून आल्या ते सांगा.

दप्तरखाना
सुरंगीताईंशी सहमत. पाठ केलेलं एका उलटप्रश्नात उघडं पडतं आणि मग १९३८ च्या खऱ्या कागदावरही संशय येतो. पण समिती ऐकेलच असं मी सांगणार नाही. हायकोर्टात जायची तयारी ठेवा.

मळ्यातला
मोडी वाचणारे एकजण आमच्या ओळखीचे आहेत, कणकवलीला. ताई, निरोप टाका, त्यांच्याशी बोलून देतो.

कुडाळकरीण
टाकते. शाळा सोमवारी उघडते, आधी रजिस्टर बघते. आजोबांची एक बहीण त्याच शाळेत होती असं आई म्हणते. मुलींची नोंद वेगळ्या वहीत असायची का, कुणाला माहीत आहे?