मदत हवी आहे: जांभळाचं सिरप बाटलीत फसफसतंय

मुग्धा_के: १ लिटर जांभळाचा रस, १ किलो साखर, अर्धा लिटर पाणी आणि १ चमचा सायट्रिक अॅसिड घेतलं. साखर-पाण्याचा पाक गार झाल्यावर रस घातला, कारण उकळला की रंग जातो असं ऐकलंय. बाटल्या कपाटात ठेवल्या. आता एकीचं झाकण उघडताना फुस्स झालं, गळ्याशी फेस आणि ताडीसारखा वास. बाकीच्या अजून ठीक दिसतात. चुकलं काय?

बंड्या७७: सायट्रिक कमी पडलं. आंबट असलं की काही आंबत नाही. दोन चमचे घाला.

रसशाळा: अर्धं बरोबर. आंबटपणाने जिवाणू अडतात, पण यीस्टला आंबट चालतं, आणि हे यीस्टचंच काम आहे. त्याला अडवते ती साखर. मुग्धाताई, तुमचा हिशेब असा: साखर १ किलो आणि रसातला गोडवा धरून साधारण ११०० ग्रॅम, एकूण वजन अडीच किलो. म्हणजे ४४ टक्के. फळांचं सिरप बाहेर टिकायला ६५ टक्के लागतात. त्यासाठी पाणी अजिबात नको, १ लिटर रसाला साखर साधारण १६०० ग्रॅम. सायट्रिक १५ ग्रॅम चालेल, चव पाहून घाला.

शिवाय रस कच्चाच गेला, त्यातलं यीस्ट जिवंतच राहिलं. साखर घातलेला रस मंद आचेवर ८०-८५ अंशांवर चारपाच मिनिटं धरा. खळखळ उकळी नको, एवढ्याने रंग फार जात नाही. उकळलेल्या कोरड्या बाटल्यांत गरमच भरा. झाकण लावल्यावर बाटली आडवी करून गरम सिरप झाकणाला लागू द्या. कोंदट वाफेचे थेंब गळ्याशी साचले की वरचा थर पातळ होतो आणि फेस तिथूनच सुरू होतो.

आजोळची_सई: जांभूळ मधुमेहाला चांगलं ना? मग साखरेशिवाय कसं करायचं? घरी सासऱ्यांना द्यायचंय.

रसशाळा: सईताई, बिनसाखरेचा रस कपाटात टिकणार नाही. छोट्या डब्यांत फ्रीझरला टाका. मधुमेहाचं डॉक्टरांना विचारा.

मुग्धा_के: ६५ टक्के म्हणजे फारच गोड! कमी साखरेत नाहीच का जमणार?

रसशाळा: जमेल, पण सोडियम बेंझोएट लागेल, किलोमागे ०.७ ग्रॅम. घरच्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून ७ ग्रॅम पाण्यात विरघळवून १०० मिली करा आणि किलोला १० मिली घाला. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, ते जांभळाचा रंग उडवतं.

बंड्या७७: केमिकल कशाला? आमची आई कोकम साखरेत मुरवते, वर्षभर टिकतं.

रसशाळा: टिकणारच, त्यात पाणी नसतं आणि साखर भरपूर असते.

मुग्धा_के: उरलेल्या बाटल्यांत साखर वाढवून पुन्हा तापवू का?

रसशाळा: आधी त्या गार करा, नाहीतर काच फुटायची. मग तोंडावर कापड धरून उघडा. फेस किंवा वास आला तर सरळ ओतून द्या. नसेल तर मी तापवेन.

बंड्या७७: मी तर फसफसलेलंही पिईन 😄

कोकणकन्या: मी तापवणार नाही. त्यातलं काय वाढलंय ते वासाने कुठे कळतं?