मदत हवी आहे: लोड सेलच्या डिफरन्स अँप्लिफायरचा गेन १०० ऐवजी ८५ का येतोय?

पिवळी_बाबीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे, डिप्लोमा झाल्यापासून मी तिथंच असतो. सुताच्या कोनांचं वजन वहीत लिहितात आणि महिनाअखेरीस हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून मामांना म्हटलं, मीच काटा बनवून देतो. आता अडकलोय.

लोड सेल ४० किलोचा, ३५० ओहमचा. ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २० किलोला ५ मिलिव्होल्ट. पांढरी वायर V1, हिरवी वायर V2. एलएम३५८ ५ व्होल्टवरच चालवलाय आणि चार रेझिस्टर असे: पांढरीपासून उलट्या पिनेपर्यंत R1 = १ के, तिथून आउटपुटपर्यंत R2 = १०० के. हिरवीपासून सुलट्या पिनेपर्यंत R3 = १ के, तिथून ग्राउंडला R4 = १०० के. सूत्र हे धरलं:

```
Vo = V2 * R4/(R3+R4) * (1 + R2/R1) - V1 * R2/R1
R2/R1 = R4/R3 असेल तर  Vo = (R2/R1) * (V2 - V1)
```

म्हणजे गेन १००. पण रिकामा काटा ०.११ व्होल्ट दाखवतो आणि २० किलो ठेवले की ०.५३. फरक ०.४२, यायला हवा ०.५०. आयसी दोनदा बदलून झाला. गंमत म्हणजे सर्किटच्या वायरी सोडवून लोड सेलवर मीटर लावला तर बरोबर ५.० मिलिव्होल्ट येतात, जोडल्या की ४.३. मामा रोज विचारतात, "झाला का रे काटा?"

सुईधागा

भाऊ, एवढा खटाटोप कशाला? एचएक्स७११ चं मॉड्यूल आण, चार वायरी जोड, संपला विषय. लोड सेलसाठीच बनलेलं आहे ते.

पिवळी_बाबीन

दादा, ते माहीत आहे. शेवटी कदाचित तेच लावेन. पण परीक्षेत हेच सर्किट दहा मार्कांना लिहून आलोय आणि समोर १५ टक्के गायब होताहेत. ते कुठं जातात हे कळल्याशिवाय झोप लागणार नाही.

जुना_टेपरेकॉर्डर

जोडल्यावर ५ चे ४.३ होतात यातच उत्तर आहे. सर्किट लोड सेलला ओढतंय. डिप्लोमाला इनपुट रेझिस्टन्स काय लिहिला होतास ते आठव: V1 ला R1 दिसतो, V2 ला R3 + R4. म्हणजे पांढरीवर १ के चा भार आणि हिरवीवर १०१ के चा. ३५० च्या ब्रिजचा प्रत्येक कोपरा आतून १७५ ओहमचा धर. पांढरीत १७५ आणि १ के, म्हणजे तिथं १५ टक्के गळती. हिरवीत १७५ आणि १०१ के, म्हणजे गळती नाहीच.

उपाय सोपा. पांढरीकडचा R1 तेवढा कमी कर. ८२० ओहम टाक, आतले १७५ मिळून हजाराच्या जवळ जाईल. हिरवीला हात लावू नकोस. मी चाळीस वर्षं टेप दुरुस्त केले, इम्पिडन्स जुळवणं म्हणजे हेच.

पिवळी_बाबीन

काका, लगेच करून बघितलं. R1 काढून ८२० टाकला. आता रिकामा काटा जवळजवळ शून्यावर चिकटलाय आणि २० किलोला फक्त ०.१६ व्होल्ट. आधीपेक्षा वाईट! R1 परत १ के केला, आकडे पहिल्यासारखे आले.

रेवती_लॅब

काकांचं निदान बरोबर आहे, औषध चुकलं. भार पडतोय हे खरं. पण पांढरीला १ के आणि हिरवीला १०१ के दिसतो, हे तुमच्या काट्याला लागू होत नाही.

V1 ला R1 दिसतो हे V2 ग्राउंडला असतानाच खरं. R1 चं दुसरं टोक ऑप-अँपच्या उलट्या पिनेवर आहे आणि फीडबॅक चालू असताना ती पिन सुलट्या पिनेच्या मागे मागे जाते. सुलटी पिन कुठं असेल ते ठरवतो V2. म्हणून V1 मधून जाणारा करंट असा:

```
i1 = ( V1 - V2*R4/(R3+R4) ) / R1
i2 = V2 / (R3+R4)
```

i2 मध्ये V1 कुठंच नाही, म्हणून V2 ला कायम R3 + R4 दिसतात. i1 मध्ये मात्र V2 आहे. दुसरा सोर्स काय करतोय ते माहीत नसेल तर V1 चा इनपुट रेझिस्टन्स म्हणून एकच आकडा सांगता येत नाही.

आता तुमचे आकडे घाला. काटा रिकामा असताना दोन्ही वायरी २.५ व्होल्टवर आहेत. हिरवीतून २.५ भागिले १०१ के, म्हणजे सुमारे २४.८ मायक्रोअँपिअर. सुलटी पिन २.४७५ वर, उलटीही तिथंच. मग पांढरीच्या १ के वर फक्त ०.०२५ व्होल्ट उरतात, म्हणजे तिथूनही २४.८ मायक्रोअँपिअरच. दोघींनाही १०१ के दिसतोय! दोन्हीकडच्या १७५ ओहमवर सारखेच, साधारण ४.३ मिलिव्होल्ट पडतात आणि वजाबाकीत उडून जातात.

जुना_टेपरेकॉर्डर

असं असेल तर १५ टक्के कुठं गेले? तुमच्या हिशेबाने दोन्हीकडे १०१ के, मग गळती नसायलाच हवी.

रेवती_लॅब

काका, तो हिशेब दोन्हींत सारख्या असलेल्या २.५ व्होल्टचा झाला. वजनाचे ५ मिलिव्होल्ट दोन वायरींच्या मधे आहेत, त्यांची वाट वेगळी. ऑप-अँपच्या दोन्ही पिना एकाच व्होल्टेजला बांधल्यासारख्या असतात, त्यामुळे पांढरी आणि हिरवी यांच्यामधे फक्त R1 अधिक R3 दिसतात, म्हणजे २ के. लोड सेल त्याच दोन वायरींमधून बघितला तर ३५० ओहमचा. २००० भागिले २३५० केलं की ०.८५ येतं. ५ मिलिव्होल्टचे ४.२५, त्याला १०० ने गुणलं की ०.४२५. धागाकर्त्याचे १५ टक्के हेच.

८२० टाकल्यावर काय झालं तेही यातच आहे. पांढरीकडे ८२० अधिक १७५ म्हणजे ९९५, हिरवीकडे ११७५. R2/R1 आणि R4/R3 ही दोन गुणोत्तरं आता सारखी राहिली नाहीत. पहिल्या सूत्रात घालून बघा: दोन्हीकडचा सारखा व्होल्टेज सुमारे ०.१८ पट होऊन उणे चिन्हाने बाहेर येतो. २.५ व्होल्टचे उणे ०.४५ झाले. ०.११ मधून ते वजा केले की आउटपुट शून्याखाली जायला बघतो आणि जाऊ शकत नाही, म्हणून चिकटतो. २० किलोचा अर्धा व्होल्ट आला की उरतात ०.१६. तुम्हाला नेमके तेवढेच मिळाले.

कमी करायचेच असतील तर R1 आणि R3 दोन्ही एकाच मापाने कमी करा.

पिवळी_बाबीन

ताई, हे पटलं. पण "V1 ला एक आकडा नाही" हे अजून डोक्यात नीट बसत नाहीये.

रेवती_लॅब

टेबलावर करून बघा. चारही रेझिस्टर १० के घ्या, सप्लाय १२ व्होल्ट. V2 ला ४ व्होल्ट आणि V1 ला १ व्होल्ट द्या. पिना २ व्होल्टवर जातील, आउटपुट ३ येईल. आता V1 च्या वाटेत मीटर लावा. करंट ०.१ मिलिअँपिअर दिसेल, पण उलट्या दिशेने, सर्किटमधून सोर्समध्ये! V1 ला इथं कुठला रेझिस्टन्स दिसला म्हणायचा? मग V2 ही १ व्होल्ट करा. करंट सुलट होईल आणि ०.०५ मिलिअँपिअर येईल, म्हणजे २० के. V1 ला आपण हातही लावला नाही. तो १ व्होल्ट पॉटमधून काढला असेल तर V2 फिरवल्यावर V1 स्वतःच हलताना दिसेल. प्रॅक्टिकलला पोरं इथंच ब्रेडबोर्डला शिव्या घालतात.

बार्शी_सोलर

माझं पण थोडं असंच आहे, इथंच विचारतो. २४ व्होल्टची बॅटरी, प्लस वायरीत ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टचा शंट. हेच सर्किट, गेन २०, साधे पाच टक्केवाले रेझिस्टर. रात्री पॅनल बंद, लोड बंद, तरी करंट दाखवतो आणि बॅटरीचा व्होल्टेज बदलला की तोही बदलतो. माझ्याकडेही शंटवर भारच पडतोय ना?

रेवती_लॅब

नाही. तुमचा शंट दीड मिलिओहमचा आहे, त्याला किलोओहमचा भार जाणवणारही नाही. तुमच्याकडे गुणोत्तरं जुळलेली नाहीत. पाच टक्क्यांचे चार रेझिस्टर वाईटात वाईट पडले तर दोन्हीकडचा सारखा व्होल्टेज जवळजवळ ०.२ पट होऊन बाहेर येतो. २४ व्होल्टवर ते साडेचार व्होल्टच्या पुढे जातं आणि तुमचा पूर्ण ५० अँपिअरचा सिग्नल दीड व्होल्टचा आहे.

शंट बाजूला ठेवा. दोन्ही इनपुट एकत्र करून बॅटरीच्या प्लसला लावा आणि आउटपुट बघा. बॅटरीबरोबर हलला तर रेझिस्टर जुळवायला हवेत.

बार्शी_सोलर

करून बघतो. ०.१ टक्केवाले बार्शीत मिळत नाहीत, पुण्याहून मागवावे लागतील. शंट मायनसला हलवला तर?

सुईधागा

हलव की. पण बाकीचं ग्राउंड कुठं कुठं जोडलंय ते आधी बघ, नाहीतर करंट शंटला वळसा घालून जाईल.

पिवळी_बाबीन

आता माझ्या काट्याचं काय करू? R1, R3 दहा के आणि R2, R4 एक मेग केले तर? मग २०३५० पैकी फक्त ३५० जातील, दोन टक्केसुद्धा नाही.

रेवती_लॅब

चालेल. एलएम३५८ च्या दोन पिनांच्या बायस करंटमध्ये थोडा फरक असतो, साधारण ५ नॅनोअँपिअर. एक मेगवर त्याचे ५ मिलिव्होल्ट होतात, ते सोसतील.

पण माझं ऐकाल तर काहीच बदलू नका. लोड सेलचे ३५० ओहम वजनाने बदलत नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे गेन ८५ असला तरी तो ८५ च राहतो. रिकाम्याचा आकडा घ्या, २० किलोचा घ्या, प्रोग्राममध्ये भागाकार करा. काट्याला १०० चा हट्ट नसतो. लोड सेल बदलला तर मात्र परत वजन ठेवून जुळवावं लागेल.

जुना_टेपरेकॉर्डर

ताई, माझं चुकलं. R1 आणि R3 + R4 हे इतकी वर्षं घोकलं, पण V2 ग्राउंडला धरायचा ही अट कधी लक्षातच घेतली नाही.

पिवळी_बाबीन

ताईंनी सांगितलं तसं केलं. ५, १०, १५ किलो सरळ रेषेत येताहेत. मामांनी कोनांची अख्खी पेटी तोलून बघितली आणि "हं" म्हणाले, म्हणजे खूश आहेत.

पण एक भानगड उरली. शेड पत्र्याची आहे. सकाळी सातला शून्य केलेला काटा दुपारी अडीचला रिकामाच असताना ६०० ग्रॅम दाखवतो. संध्याकाळी बराचसा परत येतो.

रेवती_लॅब

एलएम३५८ चा ऑफसेट साधारणपणे अंशाला ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. तुमच्या सर्किटमध्ये तो ८६ पट होतो, म्हणजे अंशाला ०.६ मिलिव्होल्ट. बॉक्समध्ये १५ अंशांचा फरक पडत असेल तर ९ मिलिव्होल्ट, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास. उरलेले २०० रेझिस्टरचे की लोड सेलचे, हे इथून कळणार नाही. लोड सेल सावलीत ठेवून नुसत्या बोर्डावर हेअर ड्रायर धरा आणि आकडा टाका.

पिवळी_बाबीन

ड्रायर मामींचा आहे. त्या पंढरपूरहून आल्या की मागतो.