तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा फोटो आणि गुणदान योजना: तीन गुण गेले कुठे?

कोरापान: २० मी/से वेगाने जाणारी १२०० किलोची गाडी ५० मीटरमध्ये थांबते, मंदन आणि बल काढा. ५ पैकी २ मिळाले. योजनेत सूत्र, किंमती घालणं, मंदन, F = ma मध्ये किंमती घालणं आणि बल, प्रत्येकी १ गुण. मी मंदन ४ ऐवजी ८ काढलं, म्हणून बल ९६०० आलं. चूक एक आणि गुण तीन गेले. फोटो योजनेशी ओळीओळीने ताडून पाहण्यात अर्थ आहे का?

सरळरेघ: मंदनच चुकलं तर त्यावर काढलेलं बलही चुकणारच. दोन गुण बरोबर आहेत. हा वेळ नव्या गणितांना दे.

लालशाई: सरळरेघ, शेवटच्या उत्तरापुरतं तुमचं पटतं. पण चौथा गुण उत्तराचा नाही, रीतीचा आहे. कोरापान, तू F = 1200 × 8 असं लिहिलं असशील तर स्वतःच्या किंमती तू योग्य जागी घातल्यास. फोटोत बघ, फुली नेमकी कोणत्या ओळीवर आहे आणि तिच्याखाली काही खूण आहे का? खाली काहीच नसेल, तर तपासणारा फुलीपाशीच थांबला असण्याची शक्यता आहे. समासही पूर्ण आलाय ना ते बघ, कारण पायरीचे गुण बहुधा तिथेच लिहितात.

कोरापान: फुली ८ वर आहे, खाली काहीच नाही. 0 = 400 + 2 × a × 50 इथपर्यंत दोन्ही ओळींवर बरोबरच्या खुणा आहेत. पुढच्या ओळीत मी 400 = 50a लिहिलंय, चिन्ह आणि २ दोन्ही गळाले.

लालशाई: मग तिसरा गुण तुझ्याच हातून गेला, आणि तो सूत्र न कळल्यामुळे नाही. चौथा मागायला हरकत नाही.

निबंधवाली: माझ्या निबंधाला १० पैकी ६ मिळाले. फोटोभर शोधलं, चार गुण कुठे कापले ते सापडेना.

लालशाई: निबंधाला बहुतेक वेळा पायऱ्या नसतात, स्तर असतात. ६ च्या स्तराचं आणि वरच्या स्तराचं वर्णन शेजारी ठेवून वाचा. फरक एखाद्या वाक्यात नसून मुद्द्यांच्या मांडणीत असेल.

मोजपट्टी: मी पेपर तपासते. पाचव्या गुणावर मी अडून बसेन. चुकीची किंमत पुढे नेली तर गुण द्यावा, असं योजनेत लिहिलंय का? नसेल तर ९६०० ला मी गुण देणार नाही.

लालशाई: मी देईन. एकाच चुकीची शिक्षा दोनदा कशाला? पण ९६०० पुढे N आहे का? एकक नसेल तर मीही देणार नाही.

कोरापान: योजनेत तशी टीप नाही. आणि फोटोची उजवी कड तिथेच कापली गेलीय. N लिहिल्याचं आठवतंय, पण दिसत नाही.

मोजपट्टी: मग आधी मूळ पान बघायला माग. चौथ्या गुणाचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नकोस.