दर दोन तासांनी गेम बंद करायचा, की रॅम बघून ठरवायचं?

कोळसाखाण_६४
माइनक्राफ्ट १.२०.१, फोर्ज, दीडशेच्या आसपास मॉड. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, त्यातली ४ जीबी गेमला दिली आहे. मित्राच्या सर्व्हरवर खेळतो. पहिले दोन तास मस्त जातात, मग दर दीड-दोन सेकंदांनी आचका. रूममेट म्हणतो दर दोन तासांनी डोळे मिटून रीस्टार्ट मार. मला पटत नाही, लोड व्हायलाच सहा मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरात आकडा सुरुवातीपासून पाच जीबीच्या आसपास असतो, वाढत नाही. मग मेमरी गळतेय हे ओळखायचं कशावरून?

निवांत_नाना
रूममेट शहाणा आहे, त्याला चहा पाज. दोन तासांनी उठायचं, पाणी प्यायचं, तोवर गेम पुन्हा चालू होतो. मी वर्षानुवर्षं हेच करतो. आकडे बघत बसलात तर खेळणार कधी?

टर्बो_बंड्या
४ ची ६ जीबी कर, `-Xmx6G`. विषय संपला. आणि एखादा रॅम क्लीनर टाकून ठेव, बटण दाबलं की दोन जीबी मोकळी होते. मी करून बघितलंय.

गाळ_उपसणारा
कोळसाखाण, टास्क मॅनेजर तुला टाकी केवढी आहे ते सांगतोय, आत पाणी किती ते नाही. जावाने विंडोजकडून एकदा घेतलेली मेमरी सहसा लगेच परत जात नाही. आत निम्मी रिकामी असली तरी बाहेरून आकडा तोच दिसणार.

F3 दाब. उजवीकडे वर `Mem` ची ओळ येते. तो आकडा सारखा चढतो आणि धपकन खाली येतो, करवतीच्या दात्यांसारखा. चढणं हे नेहमीचंच, कारण गेम सतत कचरा तयार करतो आणि जावा तो मधूनमधून झाडते. लोक ९० टक्के बघून घाबरतात, पण शेंडा बघून काहीच कळत नाही. खाली येतो तेव्हा कुठपर्यंत येतो ते बघ. पाचेक मिनिटांत दिसलेला सगळ्यात कमी आकडा लिहून ठेव. एकाच घसरणीवर विश्वास ठेवू नकोस, कारण छोट्या झाडलोटीत जुना कचरा तसाच राहतो, तो मोठ्या फेरीतच निघतो. हा तळ तासातासाला वर सरकत असेल तर गळती आहे.

बंड्या, ८ जीबीच्या मशीनवर ६ गेमला दिली तर विंडोज, ब्राउझर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला उरलं काय? शिवाय गेम त्या सहाच्या बाहेरही थोडी मेमरी घेतोच. मग डिस्कवर पेजिंग सुरू होतं आणि आचके उलट वाढतात. १६ जीबी असती तर तुझा सल्ला निम्मा बरोबर होता. निम्मा, कारण बादली मोठी घेतली म्हणून नळाचं गळणं थांबत नाही, भरायला वेळ लागतो एवढंच. क्लीनर तर गेमची चालू मेमरी बाहेर ढकलतो, गेम पुढच्या क्षणाला ती परत मागतो.

टर्बो_बंड्या
माझ्याकडे १६ आहे, बोललो नाही का? बरं, नाही बोललो. पण माझा गेम चालतो, हे तरी मान्य करा.

फक्त_मोबाईल
माझ्या ४ जीबीच्या फोनवर गेम मागे टाकून व्हॉट्सअॅप बघितलं की गेम पहिल्यापासून सुरू होतो. हीच गळती ना?

गाळ_उपसणारा
नाही हो, ते वेगळं. तिथे अँड्रॉइडच जागा कमी पडली म्हणून मागचं अॅप बंद करतं. तुमच्या गेममध्ये काही बिघाड असेलच असं नाही.

नागपुरी_मे
तुम्ही सगळे रॅमच्या मागे लागलात. लॅपटॉप आहे, तीन तास तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो. आमच्याकडे दुपारी दोनला खेळून बघा.

गाळ_उपसणारा
शक्य आहे, आणि तपासायला सोपंही. अडकायला लागला की गेम बंद करून लगेच चालू करायचा, लॅपटॉप थंड होऊ द्यायचा नाही. दीडशे मॉड लोड होताना प्रोसेसर तसाही तापलेलाच राहतो. सहा मिनिटांनी गेम सुरळीत चालला तर दोष मेमरीचा, तसाच रडला तर उष्णतेचा. शिवाय उष्णतेत एकूणच फ्रेम कमी होतात. ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर झाडलोट वरचेवर होतेय असा माझा अंदाज.

कोळसाखाण_६४
आज मोजलं. तळाचे आकडे, एमबीत:
सुरुवातीला १४८०. एका तासाने १५३०. दोन तासांनी २१८०. अडीच तासांनी २८४०, आणि आचके सुरू. लगेच रीस्टार्ट केल्यावर एकदम मऊ. म्हणजे उष्णता नाही.
पण पहिल्या तासात जवळजवळ काहीच वाढ नाही आणि शेवटच्या अर्ध्या तासात ६६०, हे कसं काय?

गाळ_उपसणारा
पहिल्या तासात काय करत होतास?

कोळसाखाण_६४
घराचं छप्पर बांधत होतो. मग क्वार्ट्झसाठी नेदरमध्ये ये-जा. दुसऱ्या तासात पाच वेळा पोर्टल ओलांडलं, नंतरच्या अर्ध्या तासात आणखी पाच वेळा.

गाळ_उपसणारा
मग सापडलं. दहा फेऱ्यांत १३१० एमबी, म्हणजे एका फेरीला साधारण १३०. पोर्टल ओलांडलं की गेम जुनं जग सोडून नवं जग उभं करतो. एखाद्या मॉडने जुन्या जगाचं बोट धरून ठेवलं असेल, तर जावाला ते कचरा म्हणून झाडता येत नाही. खात्री करायची तर जेडीके टाक आणि पुढच्या वेळी आचके सुरू झाले की हे चालव:

```
jcmd
jcmd 8124 GC.class_histogram | findstr ClientLevel
```

पहिल्या ओळीने प्रोसेसची यादी येते, त्यातला गेमचा क्रमांक ८१२४ च्या जागी घाल. दुसरी ओळ चालताना गेम क्षणभर गोठेल, तेव्हा सुरक्षित जागी उभा राहा. ज्या ओळीत क्लासचं नाव नेमकं `ClientLevel` वर संपतं, तिच्यातली `:` नंतरची पहिली संख्या बघ, `$` असलेल्या ओळी सोडून दे. तिथे १ हवा.

कोळसाखाण_६४
११!!! दहा पोर्टल, अकरा जगं. मुख्य मेनूत जाऊन परत सर्व्हरवर आलो, तरी तळ उतरला नाही.

गाळ_उपसणारा
म्हणजे रीस्टार्टशिवाय सुटका नाही. पण घड्याळ लावू नकोस, पोर्टलं मोज. तुला २८०० च्या पुढे त्रास होतो, तर १५०० पासून तिथवर दहा फेऱ्या बसतात. आठ झाल्या की घरी येऊन बंद कर. ड्रॅगनशी लढायला जाणार असशील तर आकडा काहीही असो, आधी रीस्टार्ट. तिथे `OutOfMemoryError` आला तर सामान जाऊही शकतं. आणि दोषी शोधायचा तर मॉड निम्मे-निम्मे काढून, सर्व्हरऐवजी एकट्याच्या नव्या जगात चार पोर्टलं ओलांडून बघ. माझा संशय नकाशा दाखवणाऱ्या मॉडांवर, पण तो संशयच.

निवांत_नाना
एवढं रामायण करून आठ पोर्टलं म्हणजे दोन-सव्वादोन तासच झाले की! रूममेट जिंकला.

कोळसाखाण_६४
नाना, काल दिवसभर फक्त बांधकाम केलं. साडेचार तास, तळ १५६०, एकही आचका नाही. तुमच्या हिशेबाने दोन रीस्टार्ट झाले असते.

निवांत_नाना
आणि दोनदा पाणी पिऊन झालं असतं.

नागपुरी_मे
नकाशाचा मॉड काढून बघितला का?

कोळसाखाण_६४
काढला. चार पोर्टलांनंतर पाच जगं. तो नव्हता. उद्या उरलेल्यांतले निम्मे.