अनुभव धागा: चेक परत गेला, तर दोन्ही खात्यांतून काय काय जाते?

धागाकर्ता
चेक वटला नाही की तो देणाऱ्याला दंड बसतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तो भरणाऱ्याच्याही खात्यातून पैसे कापले जातात, हे अनेकांना पासबुकात नोंद पाहूनच कळते. ज्यांच्यावर अशी वेळ आली, मग ती कोणत्याही बाजूने असो, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. बँकांची नावे नकोत, आकडे मात्र हवेत.

छापखानेवाला
माझा सांगलीत छापखाना आहे. एका गिऱ्हाइकाने लग्नपत्रिकांचे व कॅलेंडरांचे मिळून 48,000 रुपयांचा चेक दिला, तो मी चालू खात्यात भरला. खात्यात तेव्हा 10,600 रुपये होते. या भरवशावर कागदाच्या व्यापाऱ्याला 40,000 चा चेक दिला. गिऱ्हाइकाचा चेक 'अपुरी शिल्लक' या शेऱ्याने परत आला, आणि त्यामुळे माझाही परत गेला. बँकेने भरलेला चेक परत आल्याचे 150 रुपये व त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 177 घेतले. मी दिलेला चेक परत गेल्याचे 500 व जीएसटी, म्हणजे 590 घेतले. कागदवाल्याच्या बँकेनेही त्याचे 177 कापले होते, तेही त्याने माझ्याकडूनच घेतले. एकूण 944 रुपये गेले आणि उधारीवर कागद मिळणे काही काळ बंद झाले, ते वेगळेच. गिऱ्हाइकाने 48,000 नंतर रोख आणून दिले, दंडाचा विषय मात्र त्याने काढला नाही.

नोकरदार
मी चेक देणाऱ्यांपैकी. सोसायटीला दिलेला 12,000 चा चेक परत गेला, कारण खात्यात 8,700 होते. बँकेने 590 कापले व 8,110 उरले. दोनच दिवसांनी कर्जाचा 8,450 चा हप्ता जाणार होता; दंड कापला नसता तर तो गेला असता. हप्ता परत गेल्याचे बँकेने पुन्हा 590 घेतले, कर्ज देणाऱ्या कंपनीने स्वतःचा दंड निराळा लावला, आणि परत गेलेला चेक जरी पतअहवालात दिसत नसला, तरी चुकलेला हप्ता दिसू शकतो, अशी जाणीव कंपनीच्या माणसाने फोनवर करून दिली.

विटेकर
मुळात चेक बाऊन्स होणे हा फौजदारी गुन्हा आहे. परत आला की थेट पोलिसांत जावे, दंडबिंड आपोआप वसूल होतो.

निवृत्त शाखाधिकारी
विटेकर, गुन्हा आहे हे खरे, पण मार्ग तो नाही. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न दिल्यास पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. म्हणून रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याचे कारण लिहिलेली बँकेची चिठ्ठी, जपून ठेवावा. तो हरवला की वकिलाकडे जाऊनही हात बांधले जातात. चेक त्याच्या तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा भरता येतो, मात्र पुन्हा परत आल्यास बहुतेक बँका दोन्हीकडे पुन्हा आकार लावतात.

छापखानेवाल्यांसाठी एक गोष्ट: चेक भरल्यावर ॲपमध्ये दिसणारी रक्कम वापरता येईलच असे नाही, 'उपलब्ध शिल्लक' हा आकडा निराळा असतो. तसेच 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर स्कॅन होऊन जातात व समोरच्या बँकेला त्याच संध्याकाळी 7 पर्यंत होय-नाही कळवावे लागते. त्यामुळे 'आज चेक देतो, उद्या पैसे भरतो' ही जुनी सोय आता धोक्याची झाली आहे.

पुणेकरीण
माझा चेक नव्हता, म्युच्युअल फंडाची एसआयपी परत गेली. फंड कंपनीने काही घेतले नाही, बँकेने मात्र घेतले. हे इथे बसते का?

निवृत्त शाखाधिकारी
ताई, ते नॅचचे, म्हणजे खात्यातून ठरलेला हप्ता आपोआप कापून नेणाऱ्या व्यवस्थेचे प्रकरण. पण तुमच्या खात्यावर परिणाम जवळपास तोच.

छापखानेवाला
साहेब, रिझर्व्ह बँकेचे म्हणणे असे की ग्राहकाचा दोष असेल तरच चेक परत गेल्याचा आकार लावावा. मग माझे 177 कशाचे? शिल्लक माझ्या खात्यात कमी नव्हती.

निवृत्त शाखाधिकारी
सूचनेसोबत ग्राहकाचा दोष नसलेल्या कारणांची यादी आहे: चेकची प्रतिमा अस्पष्ट, चुकीच्या बँकेकडे गेलेला चेक, अशी तांत्रिक कारणे. अपुरी शिल्लक तीत नाही, म्हणून बँका भरणाऱ्याकडूनही आकार घेतात. मीही नोकरीत असताना तो लावला आहे.

छापखानेवाला
यादीत नाही म्हणून दोष माझा, हे मला पटत नाही. शाखेला तसे लेखी विचारले आहे. उत्तर आले की इथे टाकतो.