भोगीची वांगी, सरसकट भाव आणि निवडीचा भाव : आपापले अनुभव लिहावेत

विश्रामबाग, सांगली

यंदा भोगीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मंडईत वांगी घ्यायला गेले. भाजीवाल्या मावशींनी पाव किलोचे ३० रुपये सांगितले. किलोभर हवी होती, म्हणून मी १०० रुपये म्हटले. त्या म्हणाल्या, "शंभरला देते ताई, पण मग निवडायची नाहीत, ढिगातली देईन." मला ते मान्य झाले. घरी आल्यावर भरण्यासाठी चिरा देताना १४ वांग्यांपैकी ४ किडकी निघाली आणि जवळजवळ ३०० ग्रॅम फेकून द्यावी लागली. भाजी कमी पडेल म्हणून रात्री कोपऱ्यावरच्या एकाच दराच्या दुकानातून अर्ध्या किलोचा बांधलेला ट्रे ६४ रुपयांना आणला. त्यातल्या ७ वांग्यांपैकी एक जून होते, पण कीड एकातही नव्हती.

म्हणजे मंडईत १०० रुपयांत खाण्याजोगी ७०० ग्रॅम वांगी मिळाली, किलोला साधारण १४३ रुपये पडले, आणि जे दुकान मला महाग वाटत होते तिथे १२८. त्या मावशींनी मला फसवले असे मला वाटत नाही, कारण अट त्यांनी आधीच सांगितली होती. घासाघीस करून मी २० रुपये वाचवले आणि निवडण्याचा हक्क त्या २० रुपयांत देऊन टाकला, हे मात्र मला घरी आल्यावर समजले. तुमच्याकडे असे हिशेब कसे होतात, आणि त्या हंगामात तो भाव रास्त आहे हे तुम्ही कशावरून ठरवता, ते कृपया एखाद्याच भाजीचे उदाहरण घेऊन लिहावे.

मिरज

माझ्या आईने २२ वर्षे भाजी विकली. आता मी नोकरी करते, पण शाळेत असताना पहाटे सौद्याला तिच्याबरोबर मीच जात असे, म्हणून वांग्याचा हिशेब मांडून दाखवते. आकडे एका साध्या दिवसाचे आहेत, भोगीचे नाहीत.

१० किलोला ४२० रुपये या दराने ३० किलो माल घेतला, तर १२६० रुपये होतात. आडत, हमाली आणि टेम्पो मिळून १४० धरले की माल १४०० रुपयांना घरात येतो. पोते पालथे केल्यावर किडकी, फुटलेली आणि जून मिळून ३ किलो बाजूला निघतात. दिवसभर उन्हावाऱ्यात वजन उतरते, प्रत्येक पावाला काटा थोडा गिऱ्हाइकाकडे झुकता ठेवावा लागतो, त्यात आणखी दीड किलो जाते. उरलेल्या साडेपंचवीस किलोंवर १४०० रुपये वाटले की ४२ रुपयांचे वांगे विकणाऱ्याला ५५ रुपयांना पडलेले असते. गिऱ्हाईक मात्र पेपरातला ४२ चा आकडा वाचून आलेले असते आणि आई ७२ सांगते म्हणून रागावते.

सकाळी १० किलो पावापावाने १८ रुपयांना गेली, दुपारपर्यंत साडेनऊ किलो अर्ध्या किलोला ३२ प्रमाणे गेली आणि उरलेली ६ किलो दिवे लागल्यावर किलोला ४० ने काढली, तर १५६८ रुपये जमतात. दिवसभराचे १६८ रुपये सुटले. म्हणूनच हातगाडीवर कोणी एकटी वांगी ठेवत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर आई नेहमी दोन भाव धरून बसत असे. निवडून घेणाऱ्याचा एक आणि सरसकट घेणाऱ्याचा एक. पहिल्या दहा जणांनी चांगली वांगी वेचून नेली की अकराव्याला उरलेला ढीग त्याच भावात कोण देईल? सकाळी ७२ चे ६० करून मागितलेत आणि सरसकट किलोभर घेतलेत, तर ती देत असे. ६० ला निवडूनही मागितलेत, तर ती पिशवी परत ठेवत असे. "परवडत नाही" हे शब्द ती उगाच म्हणत नसे.

सातारा, शाहूपुरी

मी निवृत्त कारकून आहे आणि घासाघीस मला आयुष्यभर जमली नाही. माझ्या मते एकाच दराचे दुकान हाच सरळ मार्ग आहे. तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, काटा प्रमाणित असतो आणि भाजीचा सरकारी दर बाजार समिती रोज जाहीर करतेच. तो पाहून गेले की फसवणूक होण्याचे कारण नाही. मंडईत प्रत्येकाला वेगळा भाव सांगतात, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

मिरज

काका, काट्याबद्दलचे तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापनाकडून तपासणी करून घ्यावी लागते, पण ती हातगाडीवाल्यालाही तितकीच लागू आहे. शिक्का दिसला नाही तर विचारण्याचा तुम्हाला दोन्हीकडे हक्क आहे. छापील किंमत मात्र बांधलेल्या मालावर असते, सुट्या वांग्यांवर नसते. आणि बाजार समिती जे प्रसिद्ध करते तो सरकारने ठरवलेला दर नव्हे. त्या दिवशीच्या घाऊक व्यवहारात किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव काय निघाला, त्याची ती नोंद असते, तीसुद्धा बहुधा क्विंटलला. किमान आणि कमाल यांत दुपटीचा फरक असतो, तो वांग्याच्या प्रतीमुळे. त्या पाटीवर पाहायचे ते एवढेच की आठवडाभरात आकडा चढतो आहे की उतरतो आहे.

पलूस तालुका

आमची अर्धा एकर वांगी आहेत, कृष्णेच्या काठाला. भोगीच्या भाजीत वांगे, गाजर, सोलाणे, पावटा, घेवडा हे सगळे एकाच दिवशी सगळ्या घरांना लागते, आणि नेमके त्याच दिवसांत थंडीमुळे आमचा तोडा लांबतो. एरवी चार-पाच दिवसांनी होणारा तोडा त्या काळात आठवड्यावर जातो. मागणी एका दिवसात वाढते आणि झाडाला मात्र घाई करता येत नाही, म्हणून भाव उसळतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तोच माल निम्म्या भावातही उचलला जात नाही. या वर्षी दोन पोती आम्ही एक दिवस उशिरा पोहोचवली आणि तोट्यात गेलो. त्याआधी चंपाषष्ठीलाही असेच होते, कारण चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे त्या दिवशी भरीत-रोडग्यासाठी एकदम बाजारात येतात. तेव्हा भोगीच्या आदल्या दिवशी १२० हा भाव रास्त असू शकतो आणि तीन दिवसांनी तोच भाव लूट ठरेल.

प्रत ओळखण्याबद्दल माझे सांगणे असे. वांग्याच्या पोटाकडे पाहून कीड सापडत नाही. अळी पुष्कळदा देठाच्या टोपीखालून आत शिरते, म्हणून टोपीची कड नखाने जरा उचलून पाहावी. तिथे बारीक छिद्र किंवा भुशासारखी काळपट घाण दिसली की ते वांगे ठेवून द्यावे. देठ हिरवा आणि काटे टोचणारे असतील तर तोडा ताजा आहे. साल चकचकीत असावी. ती निस्तेज होऊन पिवळट झाक आली की आत बी कडक झालेले असते. अंगठ्याने दाबून खड्डा तसाच राहिला तर ते वांगे शिळे किंवा जून. सरसकट घेणार असाल तर मूठभर वांगी उचलून एवढे पाहिले तरी ढिगाचा अंदाज येतो. पाच उचलली आणि दोन छिद्राची निघाली, तर तो ढीग शंभराचा नाही.

आणि एक गोष्ट मन दुखवते म्हणून लिहितो. मंडईत पाच रुपये तोडणारे लोक "शेतकऱ्याला मिळत नाही, मधलेच खातात" असे म्हणतात. माझा भाव सकाळी सहा वाजता ठरून गेलेला असतो. २०१६ पासून आडत आमच्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम आला, तेव्हा तो बोजाही त्या मावशीच्या हिशेबात गेला. तुम्ही तोडलेले पाच रुपये तिचे असतात.

सातारा, सदर बझार

मला सरळ विचारायचे आहे की साताऱ्यात भाजी सगळ्यांत स्वस्त कोणत्या दुकानात मिळते? आम्ही दोघेही नोकरी करतो, मंडईत जायला वेळ नसतो. माझा अनुभव असा की मी कधी भाव कमी करा म्हणत नाही, फक्त शेवटी मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या मागते. पावसाळ्यात जुडी महाग झाल्यावर एका दादांनी साफ नकार दिला, तेव्हा मला अपमान वाटला होता. वरचे वाचून वाटते की ती कोथिंबीरही त्यांना विकत पडलेली होती.

कोरेगाव रस्ता, सातारा

मी एकाच दराच्या भाजी दुकानात काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. आमचा दर सकाळी फळ्यावर लागतो आणि दिवसभर बदलत नाही. खरेदी आदल्या दिवशीची असते. त्यामुळे भाव चढत्या दिवशी आम्ही मंडईपेक्षा स्वस्त असतो आणि उतरत्या दिवशी महाग. विश्रामबागच्या ताईंना भोगीच्या आदल्या दिवशी आमच्यासारखे दुकान स्वस्त पडले, त्यात आमचा चांगुलपणा नाही, फळा जुना होता. त्याच दुकानात संक्रांतीनंतर त्या गेल्या असत्या तर मंडईत ५० ला मिळणारे वांगे त्यांनी ९० ला घेतले असते.

दुसरे असे की किडका माल आम्ही पहाटे काढतो, त्याची किंमत चांगल्या वांग्यांवर चढवलेली असते. ट्रेवर प्लास्टिक ताणलेले असल्याने देठ उचलून पाहता येत नाही, तेव्हा ट्रे उलटा करून खालची बाजू नक्की पाहावी. ट्रे बांधणारे जून वांगी खालीच ठेवतात. आमच्याकडे हे होत नाही असे मी म्हणणार नाही.

वजनाबद्दल मात्र मला पलूसच्या दादांना विचारायचे आहे. आमचे शेठ आकाराच्या मानाने हलके वांगे घ्यायला सांगतात, कारण त्यात बी कमी असते. माझी आई जड घेते, कारण हलके ते वाळलेले.

पलूस तालुका

आमच्या घरातही यावर एकमत नाही. माझ्या अनुभवात ताज्या तोड्यात हलके वांगे कोवळे निघते, पण बाजारात दोन दिवस पडलेल्या ढिगात हलके म्हणजे पाणी उडालेले असते. आधी देठ पाहावा, वजनाचे मग ठरवावे. याहून खात्रीने मला सांगता येणार नाही.

विश्रामबाग, सांगली

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मी त्याच मावशींकडे पुन्हा गेले. त्यांनी पावाला १५ सांगितले. मी भाव कमी करायला सांगितला नाही, "निवडून घेऊ का?" एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "घ्या की, आज ढीगच पडलाय." टोप्या उचलून पाहत मी अर्धा किलो घेतली, तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि "हे कुणी शिकवलं?" असे विचारले. घरी ८ पैकी एकही किडके निघाले नाही. मग आमच्या कोपऱ्यावरच्या त्या एकाच दराच्या दुकानात जाऊन फळा पाहिला. वांगी, ८८ रुपये किलो.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. माझ्यानंतर आलेल्या साध्या लुगड्यातल्या आजींना त्या मावशींनी तीच वांगी पावाला १२ ने, आणि तीही निवडून, दिली. मला ते खटकले नाही. पण शाहूपुरीचे काका याला अन्याय म्हणतील, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही. मिरजेच्या ताईंच्या आई असे कोणासाठी करत असत का, आणि कशावरून ठरवत, ते त्यांनी जरूर लिहावे.