प्रतिसाद: यांकीत दोनच निवडी जिंकल्यास परतावा

>"चारपैकी दोन निवडी २.५ आणि ३ भावाने जिंकल्या, तरी तोटाच कसा?"

यांकी ही चार निवडींवरची एकत्रित पैज; तीत सहा दुहेरी, चार तिहेरी आणि एक चौहेरी अशा अकरा स्वतंत्र पैजा असतात, आणि प्रत्येक पैज तिच्यातल्या सर्व निवडी जिंकल्या तरच फळते. प्रत्येकीवर १ एकक लावले, तर खर्च ११ एकक होतो. दोनच निवडी जिंकल्यावर त्या दोघींची एकमेव दुहेरी फळते आणि हाती २.५ × ३ = ७.५ एकक येतात, म्हणजे ३.५ एककांचा तोटा. दोन्ही भावांचा गुणाकार ११ च्या वर गेल्याशिवाय दोन विजयांत नफा नाही, हे पैज लावतानाच तपासावे. तीनच निवडींच्या ट्रिक्सीत पैजा चारच असल्याने त्याच ७.५ मधून ३.५ एकक नफा उरला असता. अर्थात, हरलेल्या दोहोंपैकी कोणती वगळायची हे आधी कळत नसते! तिसरी निवड २ भावाने जिंकली असती, तर यांकीतही तीन दुहेरी (७.५, ५, ६) आणि एक तिहेरी (१५) मिळून ३३.५ एकक परत आले असते.